नुसता नमस्कार

हेमाताई कोपर्ड्यांना कुणी विचारलं असतं, की बाई, बावीस वर्षं त्या ऑफिसात बसून तुम्ही करता तरी काय, तर त्यांनी सांगितलं असतं, नमस्कार करते. आणि ते काही खोटं नव्हतं. मिरजेत स्टेशन रोडला सायकलच्या दुकानावर लोखंडी जिना चढून गेलं की ‘गाठभेट वधूवर सूचक केंद्र’ लागतं. दोन टेबलं, चार खुर्च्या. एका टेबलावर मालक बाबरकाका, दुसऱ्यावर हेमाताई. काकांकडे पंचांग, पंखा आणि शेवटचा शब्द. हेमाताईंकडे रजिस्टरं, फोन आणि पहिला शब्द. अनोळखी माणसाचा पहिला मेसेज आला की त्याला उत्तर द्यायचं ते त्यांनीच.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? तसं काकाही म्हणायचे. पण हेमाताईंचं म्हणणं असं, की स्थळ पसंत पडतं फोटोवरून आणि मोडतं पहिल्या शब्दावरून. मुलीच्या बापाचा मेसेज यायचा, ‘नमस्कार, मी अमुक अमुक, कन्या बी. ई., अनुरूप स्थळे हवीत.’ त्याला उत्तर नमस्कारच. तो देवनागरीत लिहीत असेल तर देवनागरीत, इंग्रजी अक्षरांत लिहीत असेल तर त्या अक्षरांत. बापाला ‘हाय’ लिहून बघा, संध्याकाळपर्यंत तो दुसऱ्या केंद्रात नाव घालून येतो. त्याला वाटतं, इथं पोरंटोरं बसलीत. ‘नमस्ते’ला तो पळून जात नाही, पण जरा थबकतो, बाई आपल्याकडची नाही की काय! नमस्ते ठेवायचं ते इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडच्या मराठी मंडळींसाठी आणि फौजेतल्या मुलांसाठी. ते ‘नमस्ते जी’ म्हणून सुरुवात करतात, आणि तेच परत मिळालं की त्यांना घरी आल्यासारखं वाटतं. रामरामला रामराम, जयभीमला जयभीम, जय जिनेंद्रला जय जिनेंद्र. समोरच्यानं जे घातलं तेच त्याच्या ओंजळीत परत घालायचं, आपलं शहाणपण मध्ये आणायचं नाही.

‘हाय’चं प्रकरण मात्र वेगळं. एकदा एका मुलीचा नुसता ‘हाय’ आला. हेमाताई जेवायला गेलेल्या, तेव्हा काकांनी स्वतःच्या हातानं उत्तर ठोकलं, ‘नमस्कार. आपल्या पालकांना संपर्क करण्यास सांगावे.’ मुलगी जी गेली ती गेलीच.

“काका, ती पोरगी घरच्यांना न सांगता बघत होती,” हेमाताई वैतागून म्हणाल्या. “तुमचा नमस्कार वाचून तिला वाटलं, इथंही बापच बसलाय.”

“मग काय म्हणायला पाहिजे होतं?”

“हाय. बोल गं. एवढंच.”

“हाय म्हणजे काय? आमच्या गावात हाय म्हणजे आहे. पत्रिका हाय का, फोटो हाय का!” काका आपल्याच विनोदावर पोट धरून हसले. पण त्या दिवसापासून फोनला हात लावला नाही.

पुरुषाचा नुसता ‘हाय’ आला, ना नाव ना गाव, की हेमाताई तो दिवसभर तसाच ठेवायच्या. कारण एका हायला दुसरं हाय दिलं की तिसरा मेसेज ‘जेवलीस का’ असतो, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्या लिहायच्या, ‘नमस्कार. आपलं नाव, गाव?’ निम्मे तिथंच गार व्हायचे.

आणि सगळ्यात महत्त्वाचा तो नुसता नमस्कार. एखाद्या बाईकडून पुरुषाला उत्तर गेलं ‘नमस्कार’, पुढे त्याचं नाव नाही, प्रश्न नाही, काही नाही, तर तो नकार समजायचा. असं कुठं छापलेलं नाही. पण आपल्याकडे बाईला तोंडावर ‘नको’ म्हणायची सवय लावलेली नसते, म्हणून ती हात जोडते आणि दार लावून घेते. केंद्रात नाव घातलेल्या प्रत्येक पुरुषाला हेमाताई हे समजावून सांगायच्या. नुसता नमस्कार आला, की परत लिहायचं नाही. बायकांना त्रास होतो.

आता एवढं सगळं ज्या बाईला कळतं, तिचं स्वतःचं काय? तर लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हेमाताईंनी तीनशेच्या वर लग्नं जुळवली आणि त्यांचं एकही झालं नाही. ऐन वयात आई गेली, मग भावाचं शिक्षण, मग भाऊ मस्कतला. मग वडिलांना अर्धांगवायू झाला आणि तो अकरा वर्षं पुरला. कोपर्डे गुरुजी म्हणजे प्राथमिक शाळेचे मास्तर. दिवसभर त्यांच्या उशाशी रेडिओ चालू असायचा आणि मुलगी घरी आली की ते एका बाजूनं वाकडं हसायचे. गेल्या श्रावणात गुरुजी गेले. आता हेमाताई संध्याकाळी घरी यायच्या, कुलूप काढायच्या, आणि कुलपाचा तो खटका हा घरातला शेवटचा आवाज असायचा. सकाळी केलेल्या दोन भाकऱ्यांतली एक उरलेली असायची. रेडिओला मात्र त्यांनी वडिलांनंतर हात लावला नव्हता. त्रेपन्नाव्या वर्षी एकटं राहणं वाईट नसतं, असं पुष्कळ लोक सांगतात. ते लोक बहुतेक कुणाच्या तरी शेजारी बसून सांगत असतात.

केंद्रात पन्नाशीपुढच्यांची वेगळी यादी असते, ज्येष्ठ यादी. तिच्यात नाव नसतं, नुसता क्रमांक, चार ओळी माहिती आणि मोबाइल नंबर. नावगाव मागाहून, बोलणं जमलं तर. माघ महिन्यात एक दिवस काका दातांच्या डॉक्टरकडे गेले असताना हेमाताईंनी एक कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं. क्रमांक एकतीस. वय त्रेपन्न, अविवाहित. स्वयंपाक बरा. घरी जुना रेडिओ. बोलायला माणूस हवं. नंबर स्वतःचा, केंद्राचा नव्हे. फोटोच्या जागी त्यांच्या मोबाइलवर कुंडीतली अबोली होती, ती तशीच राहू दिली. कार्ड यादीत लावताना त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं. काका ती यादी कधी वाचत नसत, म्हणून निभावलं.

तीन महिने काही आलं नाही. काही येणार नाही, अशी त्यांनी मनाची समजूतही घातली होती.

आणि मग एका शनिवारी दुपारी केंद्राचा फोन वाजला.

“गाठभेट का? मी तासगावहून बोलतोय. प्रभाकर तोडकर.”

“बोला साहेब.”

“तुमची ती ज्येष्ठांची यादी मिळाली. वाचली सगळी. मला त्या एकतीस नंबरच्या बाईंना मेसेज करायचाय.”

हेमाताईंच्या हातातलं पेन रजिस्टरवर तसंच टेकून राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. समोर काका पंचांगात बोट घालून बसलेले.

“करा की,” त्या म्हणाल्या.

“करा की काय मॅडम! इथंच तर गाडी अडलीय. सून म्हणते, पप्पा, हाय करा, आजकाल चालतंय. केलं टाइप. पण माझा मलाच राग आला. अठ्ठावन्नाव्या वर्षी हाय? त्या बाई म्हणतील, हा बुवा चळला. मग नमस्ते टाइप केलं, तर हाताची घडी घालून वर्गात उभं राहिल्यासारखं झालं. पस्तीस वर्षं दूध संघात फॅट काढली मी. कॅन पुढं आला की ‘पुढचा’ एवढंच म्हणायचं. अनोळखी बाईशी बोलायचं कसं, हे कुणी शिकवलंच नाही. जिच्याशी बोललो, ती सहा वर्षांपूर्वी गेली.”

“एकतीसच का पण?” हेमाताईंनी विचारलं. हे विचारायचं नसतं. केंद्रातली बाई असं कधी विचारत नाही.

“कारण बाकी सगळ्यांनी घर लिहिलंय, पेन्शन लिहिलंय, गुडघे कसे आहेत तेही लिहिलंय. या बाईंनी लिहिलंय, बोलायला माणूस हवं. म्हटलं, ही खरं बोलणारी दिसते.”

काकांनी भुवया उंचावून विचारलं, कोण? हेमाताईंनी हातानंच सांगितलं, नेहमीचंच. आणि मग त्यांनी तेच केलं जे त्या बावीस वर्षं करत आल्या होत्या. नीट, सावकाश, सगळं समजावून सांगितलं.

“नमस्कार लिहा. हाय नको, तुमच्या वयाला ते उसनं दिसतं, आणि नमस्तेनं लांबचं वाटेल. खाली पूर्ण नाव, गाव. यादीत वाचलं, असं स्पष्ट लिहा, म्हणजे नंबर कुठून मिळाला याची धास्ती राहत नाही. मग एकच प्रश्न. कशा आहात, हे नको. बरी आहे म्हटलं की संपलं.”

“मग काय विचारू?”

“रेडिओ कुठला आहे, ते विचारा.” हे त्यांच्या तोंडून गेलं तेव्हा त्यांचे कान तापले. “फुलं, सूर्योदय, सुविचार काही नको. जोडलेले हात चालतील, एकदाच.”

“बरं. आणि उत्तर आलं तर समजायचं कसं?”

“नमस्कार लिहून तुमचं नाव घेतलं आणि प्रश्नाचं उत्तर दिलं, तर बोलायला हरकत नाही. नमस्ते आलं तर त्या अजून अंदाज घेताहेत, घाई करू नका.”

“आणि हाय आलं तर?”

“तर मला पेढे आणून द्या,” हेमाताई हसून म्हणाल्या. आपण हसलो हे त्यांना हसून झाल्यावर कळलं.

“आणि नुसता नमस्कार आला तर?”

“तर सोडून द्यायचं, साहेब, बायकांना त्रास होतो. परत लिहायचं नाही.”

“कळलं. मॅडम, एक विचारू? कशा आहेत हो त्या? तुम्ही बघितलंय?”

“बघितलंय. साध्या आहेत. उंची बेताची.”

“आणि स्वभावानं?”

हेमाताईंनी रजिस्टर मिटलं. “त्याची आमच्याकडे नोंद नाही,” त्या म्हणाल्या.

रविवारी केंद्रात जत्रा असते. आईबाप, आत्या, मामा, सगळे एकदम जिना चढतात. अकराच्या सुमाराला हेमाताईंचा स्वतःचा मोबाइल टेबलावर थरथरला. ‘नमस्कार. मी प्रभाकर तोडकर, तासगाव. गाठभेट केंद्राच्या यादीत आपली माहिती वाचली. आपला रेडिओ कुठला आहे?’ खाली जोडलेले हात, एकदाच. शब्द न् शब्द त्यांनीच सांगितलेला. पण त्याखाली त्या माणसानं स्वतःच्या मनानं एक ओळ घातली होती. ‘आमच्याकडे पण जुना आहे. चालत नाही, पण टाकवत नाही.’

त्याच्या प्रोफाइलच्या फोटोत एक माणूस महाबळेश्वरच्या कुठल्याशा कठड्यापाशी स्वेटर घालून उभा होता. त्याच्या खांद्यावर बांगड्यांचा एक हात होता. हाताची मालकीण फोटोतून कापून टाकली होती, हात मात्र कापता आला नव्हता.

“अहो ताई, आमच्या मुलाची पत्रिका बघताय ना?” समोरच्या बाईंनी विचारलं. हेमाताईंनी मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला आणि दिवसभर दर दहा मिनिटांनी ड्रॉवर उघडला. टाचणी हवीय, म्हणून.

सोमवारी केंद्र बंद. दुपारी जेवण उरकून त्या खिडकीपाशी बसल्या आणि मोबाइल मांडीवर घेतला. दुसऱ्यांसाठी हे काम त्या भाजी निवडता निवडता करायच्या.

आधी त्यांनी ‘हाय’ लिहिलं. कुणाला पाठवायचं म्हणून नाही, नुसतं बघायला. त्यांना स्वतःला म्हणून आयुष्यात कुणी हाय म्हटलं नव्हतं. ज्या वयात म्हणायचं, त्या वयात त्या भावाच्या शिक्षणाचं बघत होत्या. ते दोन अक्षरी आगाऊ पोरगं पडद्यावर बसलेलं बघून त्यांना हसू आलं, आणि थोडं रडूही. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना कळलं तर? भावाला कळलं तर? त्यांनी ते पुसलं.

मग ‘नमस्ते’. पण नमस्ते म्हणजे तर गुरुजींचा वर्ग. लहानपणी त्यासुद्धा त्याच वर्गात होत्या, साठ पोरांबरोबर बाक मागे सारून ओरडायच्या, एक साथ नमस्ते! घरी मात्र गुरुजींना अण्णा म्हणायचं. ज्याला रेडिओबद्दल सांगायचंय त्याला नमस्ते कसं म्हणायचं? तेही पुसलं.

राहिला नमस्कार. तो त्यांच्या हातातला, रोजच्या वापरातला. त्यांनी लिहिलं, ‘नमस्कार तोडकर साहेब.’ आणि एकदा हात चालू झाला तो थांबेना. रेडिओ व्हॉल्व्हचा आहे, वडिलांचा. बटण दाबलं की लगेच बोलत नाही, आधी तापावं लागतं, तोवर वडील म्हणायचे, थांब, तो घसा साफ करतोय. वर मी विणलेला रुमाल आहे. वडील गेल्यापासून लावलेला नाही. लावला तर आवाज येईल आणि त्या आवाजाला ऐकणारी मी एकटीच असेन, म्हणून लावत नाही. तुमचा का चालत नाही? दुरुस्त करणारा कुणी आहे का तिकडे? तुम्ही संध्याकाळी काय करता?

लिहून झालं आणि त्यांनी वाचलं. दुसऱ्याचा मेसेज वाचावा तसं वाचलं, कारण तीच सवय. आणि त्यांना दिसलं, की या बाईला फार बोलायचंय. किती महिन्यांचं साठलंय हिचं! अशा मेसेजला त्या केंद्रात म्हणायच्या, भांडं ओतू गेलं. समोरचा घाबरतो. त्यांनी शेवटचा प्रश्न पुसला. संध्याकाळचं विचारणं शोभत नाही. मग दुरुस्तीचा पुसला. मग एकटीच ऐकणारी पुसली, कारण ते भीक मागितल्यासारखं वाटत होतं. मग रुमाल. मग वडील. रेडिओचं एक वाक्य उरलं, तेव्हा दुसरीच धास्ती समोर आली. आज रेडिओ सांगितला तर परवा तो नाव विचारेल. नाव सांगितलं की त्याला कळेल, ही तर फोनवरची मॅडम! स्वतःबद्दलच ‘साध्या आहेत, उंची बेताची’ सांगणारी, त्याचं शिकणं गंमत म्हणून ऐकणारी. आपल्याला फसवलं, असं वाटलं तर? आणि काकांना कळलं तर बावीस वर्षांच्या खुर्चीवर परत कुठल्या तोंडानं बसायचं?

त्यांनी व्हॉल्व्ह पुसला. ‘तोडकर साहेब’ पुसलं. ‘नमस्कार’ राहिला.

तो एकटा शब्द काय आहे, हे साऱ्या जिल्ह्यात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी त्यांनी तो पाठवला. काहीच न पाठवण्यापेक्षा बरं, असं त्या क्षणी वाटलं. माणूस घाबरला की असाच काहीतरी हिशोब करतो आणि पुढं जन्मभर त्याला तो जमत नाही.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. तोडकर हातात मोबाइल घेऊनच बसले असणार. वर अक्षरं उमटली, टाइप करत आहे. हेमाताई ताठ बसल्या. टाइप करत आहे. लिही बाबा, त्या मोठ्यानं म्हणाल्या, काही का असेना, लिही. मग ती अक्षरं गेली. परत आली. परत गेली ती आली नाहीत.

दिवेलागण झाली तरी त्या तिथंच बसून होत्या. आपणहून दुसरा मेसेज करायला कुणी बंदी केली नव्हती. पण बाईनं लागोपाठ दुसरा मेसेज करायचा नाही, समोरच्याला ते अधीरपणाचं वाटतं, हेही त्यांनीच कितीजणींना शिकवलेलं. दुपारची भाकरी त्या रात्री तशीच राहिली.

बुधवारी केंद्राचा फोन वाजला.

“मॅडम, तोडकर. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं बघा. नुसता नमस्कार आला.”

“हो का?”

“तुम्ही सांगून ठेवलं ते बरं झालं. नाहीतर मी येड्यासारखा परत लिहीत बसलो असतो. लिहीतच होतो खरं तर, आमच्या रेडिओचं. तेवढ्यात तुमचं आठवलं, बायकांना त्रास होतो. मग पुसून टाकलं सगळं.”

हेमाताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “तोडकर साहेब, कधी कधी काय होतं—”

“नको मॅडम. त्यांच्या मनात नाही तर नाही. माझं एवढंच म्हणणं होतं की थोडं बोलावं.”

“हेमा, कोण गं?” काकांनी समोरून विचारलं. “ज्येष्ठवाले का? त्यांना ती बत्तीस नंबर दे, रविवारीच नाव घालून गेली ती. पलूसच्या बाई. हसतमुख आहे बघ.”

तोडकरांना काकांचा आवाज ऐकू गेला असावा. “द्या मॅडम बत्तीस,” ते म्हणाले.

आता सांगावं, आत्ता, एवढंच एक वाक्य, एकतीस नंबर मी आहे. वाक्य जिभेवर आलं. काका पंखा फिरवून त्यांच्याकडेच बघत होते. आणि हेमाताईंनी यादी पुढं ओढली, चष्मा लावला आणि बत्तिसाव्या बाईंचा नंबर एकेक आकडा सुटा करून सांगितला. दोनदा सांगितला, चुकू नये म्हणून.

“यांना काय लिहू?”

“नमस्ते लिहा,” त्या म्हणाल्या. “या शिक्षिका होत्या. त्यांना आवडेल.”

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी लोखंडी जिन्यावर पावलं वाजली, दोन माणसांची. आधी एक हसरी, गोल चेहऱ्याची बाई वर आली, मागून खादीचा शर्ट घातलेला उंच माणूस, हातात पुडा. स्वेटर नव्हता, पण हेमाताईंनी ओळखलं. 

“नमस्कार मॅडम. मी तोडकर, फॅटवाला. आणि या शैलजाबाई, तुमचा बत्तीस नंबर.”

“अहो, नंबर काय म्हणता बायकोला!” शैलजाबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसत हेमाताईंचा हात हातात घेतला. “तुम्हाला सांगते ताई, यांचं नमस्ते आलं. मी म्हटलं, चौतीस वर्षं नमस्तेच ऐकत आले, आता पुरे. नातीला विचारलं, ती म्हणाली, आजी, हाय टाक. टाकलं!”

“हाय आलं, मॅडम!” तोडकर पुडा पुढं करत म्हणाले. “बोलला होतात ना तुम्ही, हाय आलं तर पेढे. हे घ्या.”

बाबरकाकांनी टाळ्या वाजवल्या. “बघ हेमा! तुझी शाळा चांगली आहे!”

हेमाताईंनी पेढा घेतला. चांगला होता, वेलची घातलेला. त्यांनी शैलजाबाईंच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, ओटीला नारळ दिला, हसल्या, सगळं रीतसर केलं. शैलजाबाई खाली उतरल्या, पण तोडकर जिन्याच्या तोंडाशी रेंगाळले.

“मॅडम, त्या एकतीस नंबरच्या बाई. त्यांचं कुठं जमलं का हो?”

“नाही अजून.”

“कधी भेटल्या तर सांगा, मी राग नाही धरला. फक्त त्यांचा रेडिओ कुठला, ते राहून गेलं. उगाच मनात राहतं.”

“व्हॉल्व्हचा असेल,” हेमाताई म्हणाल्या. “आधी तापावा लागतो, तसला.”

तोडकर त्यांच्याकडे बघत राहिले. काही विचारतील असं वाटलं. हेमाताईंनी दाराची चौकट धरली. तेवढ्यात खालून हाक आली, “अहो, येताय ना? बस जाईल!”

“असेल,” तोडकर म्हणाले. त्यांनी दोन्ही हात जोडले. “येतो.”

“नमस्कार,” हेमाताई म्हणाल्या. पुढं नाव नाही, काही नाही.

टेबलाशी परत येऊन त्यांनी स्वतःचा मोबाइल उघडला. तो संवाद तसाच होता. वर तोडकरांच्या चार ओळी, जोडलेले हात. खाली एक शब्द. त्याच्याखाली पांढरं सपाट. ज्येष्ठ यादीतलं कार्ड काढून टाकावं म्हणून त्या उठल्या, आणि परत बसल्या.

पाऊण तासानं फोन वाजला. जतचा कुणी गृहस्थ होता, साठीचा, आवाज खोल गेलेला. “मॅडम, अठ्ठावीस नंबरला मी नमस्कार लिहिलं होतं, तुम्ही सांगितलं तसं. उलट नुसता नमस्कार आलाय. पुढं काही नाही. म्हणजे झालं ना? सोडून देऊ?”

“नाही,” हेमाताई म्हणाल्या. “एकदा परत लिहा.”

काकांनी पंचांगातून डोकं वर काढलं. “अगं, नियम तुझाच ना?”

“होता,” त्या म्हणाल्या, आणि फोनमध्ये बोलल्या, “एकदाच लिहा, साहेब. तरी उत्तर आलं नाही तर मात्र सोडा. पण एकदा लिहाच. काही बायका पुष्कळ लिहितात आणि पाठवायच्या आधी पुसून टाकतात.”